निगेटिव्ह इम्पीडन्स कन्व्हर्टर: कॉइलचा रेझिस्टन्स कापायचा तर ती कुठल्या पिनेवर जोडायची?

*सर, मी नागपूरला इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. १०० मिलिहेन्रीची कॉइल (मल्टिमीटरवर ८२ ओहम) आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असं सिरीज सर्किट आहे, जनरेटर ५० ओहमचा. क्यू वाढवण्यासाठी ७४१ वापरून निगेटिव्ह इम्पीडन्स कन्व्हर्टर लावला, कॉइलचं टोक नॉन-इन्व्हर्टिंग पिनेवर दिलं. सिम्युलेशनमध्ये एसी ॲनालिसिस बरोबर येतो, पण ब्रेडबोर्डवर आउटपुट १३ व्होल्टच्या वर जाऊन बसतं आणि हलत नाही. आयसी बदलला तरी तेच. इनपुट इम्पीडन्सचं सूत्र नेमकं कसं येतं आणि माझं कुठे चुकतंय?*

तुमचा आयसी ठीक आहे, रेझिस्टरही बहुधा ठीक आहेत. चुकलीय ती पिन. सिरीजमधला रेझिस्टन्स कापायचा असेल तर कॉइलचं टोक इन्व्हर्टिंग पिनेवर, म्हणजे ७४१ च्या २ नंबरवर यायला हवं. तुम्ही ते ३ नंबरवर दिलंय. गंमत अशी की इनपुट इम्पीडन्सचं सूत्र दोन्ही जोडण्यांना अगदी एकच येतं, त्यामुळे कागदावर हा फरक दिसतच नाही. म्हणून आधी सूत्र काढू, आणि मग ते कुठली गोष्ट गृहीत धरून निघालं ते पाहू. तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या गृहीतकातच आहे.

बरोबर जोडणी अशी. आउटपुटपासून २ नंबर पिनेपर्यंत एक रेझिस्टर, त्याला `Rf` म्हणू. आउटपुटपासून ३ नंबर पिनेपर्यंत दुसरा, `Ra`. ३ नंबर पिनेपासून ग्राउंडपर्यंत तिसरा, `Rb`. बाहेरचं सर्किट २ नंबर पिनेला जोडायचं. तिथलं व्होल्टेज `V`, आणि बाहेरून त्या पिनेच्या जोडावर आत येणारा करंट `I`.

ऑप-अँपच्या पिना स्वतः करंट घेत नाहीत असं धरलं, तर `Ra` आणि `Rb` हे साधं व्होल्टेज डिव्हायडर होतं. ३ नंबर पिनेवर आउटपुटचा ठरावीक हिस्सा येतो. दोन्ही पिना सारख्याच व्होल्टेजला असतात असंही धरलं, तर तो हिस्सा `V` एवढा असला पाहिजे. म्हणजे आउटपुट किती ते ठरलं. आता `I` ला जायला वाट एकच, `Rf` मधून आउटपुटकडे. तेवढं लिहिलं की झालं:

```
Vo · Rb/(Ra + Rb) = V
Vo = V · (1 + Ra/Rb)
I  = (V − Vo)/Rf = −V · Ra/(Rb · Rf)
Zin = V/I = −Rf · Rb/Ra
```

उणे चिन्ह कुठून आलं तेही नीट पाहून घ्या. तुम्ही इनपुटला १ व्होल्ट दिला की आउटपुट त्याहून वर जातं. `Ra` आणि `Rb` सारखे असतील तर २ व्होल्टला. `Rf` च्या पलीकडचं टोक अलीकडच्या टोकापेक्षा उंच झाल्यामुळे करंट उलट, तुमच्याकडे वाहू लागतो. साध्या रेझिस्टरला व्होल्टेज दिलं तर तो करंट घेतो. हे सर्किट तेवढाच करंट बाहेर ढकलतं. ती शक्ती ऑप-अँपच्या पॉवर सप्लायमधून येते, म्हणून यात कुठला नियम मोडत नाही. `Rf` च्या जागी कपॅसिटर ठेवला तर उणे कपॅसिटर मिळतो, कारण सूत्रात `Rf` च्या जागी कुठलाही इम्पीडन्स चालतो. पण आपलं काम रेझिस्टरचं आहे.

आता २ आणि ३ नंबरच्या पिनांची अदलाबदल करा, म्हणजे तुमची जोडणी झाली. वरच्या चार ओळींपैकी एकही बदलत नाही. कारण त्यांत आपण फक्त एवढंच म्हटलं की दोन्ही पिना सारख्या व्होल्टेजला आहेत. कुठली इन्व्हर्टिंग आणि कुठली नॉन-इन्व्हर्टिंग हे कुठेच वापरलं नाही. पण पिना सारख्या व्होल्टेजला राहतात त्या आपोआप नव्हे. निगेटिव्ह फीडबॅक पॉझिटिव्ह फीडबॅकपेक्षा जोरदार असेल तरच ऑप-अँप त्यांना तिथे धरून ठेवतो. या सर्किटमध्ये दोन्ही फीडबॅक एकाच वेळी आहेत, आणि त्यातल्या एकाचा जोर बाहेर काय जोडलंय त्यावर ठरतो.

तो जोर मोजणं सोपं आहे. बाहेरच्या सर्किटचा इम्पीडन्स `Zs` धरा. कॉइल २ नंबरवर असेल तर आउटपुटचा `Zs/(Zs + Rf)` एवढा हिस्सा इन्व्हर्टिंग पिनेवर परततो, आणि `Rb/(Ra + Rb)` एवढा नॉन-इन्व्हर्टिंगवर. पहिला हिस्सा मोठा हवा. गुणाकार करून आवरलं की अट उरते ती अशी:

```
Zs > Rf · Rb/Ra
```

उजवीकडे जे आहे तो आपल्याच उणे रेझिस्टन्सचा आकार. म्हणजे इन्व्हर्टिंग पिनेवरची जोडणी स्थिर राहते ती बाहेरचा इम्पीडन्स उणे रेझिस्टन्सपेक्षा मोठा असताना. इनपुट उघडं सोडलं तरी ती शांत राहते. नॉन-इन्व्हर्टिंग पिनेवर जोडलं की दोन्ही हिस्से जागा बदलतात आणि चिन्ह उलटतं: बाहेरचा इम्पीडन्स लहान असेल तरच ती स्थिर. इनपुट ग्राउंडला टेकवलं तर शांत, उघडं सोडलं की आउटपुट सप्लायला जाऊन चिकटतं. ही विभागणी जुनी आहे. जे. जी. लिनव्हिल यांनी १९५३ मध्ये ट्रान्झिस्टरचे कन्व्हर्टर मांडले तेव्हाच एक ओपन सर्किटला स्थिर आणि दुसरा शॉर्ट सर्किटला स्थिर असे दोन प्रकार वेगळे केले होते. त्या काळी टेलिफोनच्या लांब तांब्याच्या जोड्यांमधला लॉस भरून काढायला उणे इम्पीडन्सचे रिपीटर वापरले जात, आणि तिथेही कुठला प्रकार लाइनच्या सिरीजमध्ये आणि कुठला पॅरलल लावायचा याला महत्त्व होतं.

आता तुमच्या सर्किटकडे या. १०० मिलिहेन्री आणि ०.१ मायक्रोफॅरड यांचा रेझोनन्स १५९१ हर्ट्झच्या आसपास. तिथे कॉइलचा आणि कपॅसिटरचा रिॲक्टन्स प्रत्येकी १००० ओहम, ते एकमेकांना कापतात आणि उरतो फक्त रेझिस्टन्स: ८२ कॉइलचा, ५० जनरेटरचा, एकूण १३२ ओहम. बाकी सगळ्या फ्रिक्वेन्सींना इम्पीडन्स याहून जास्तच. डीसीला तर कपॅसिटर रस्ता बंदच करतो, म्हणजे `Zs` अनंत. तुमची जोडणी नॉन-इन्व्हर्टिंग असल्याने डीसीला पूर्णच्या पूर्ण आउटपुट पॉझिटिव्ह बाजूला परत येत होतं, आणि निगेटिव्ह बाजूला जेमतेम अर्धं. ऑप-अँपचा काही मिलिव्होल्टचा ऑफसेट पुरला आणि आउटपुट सप्लायला टेकलं. दुसरा आयसी लावल्यावर तोही तिथेच जाणार होता; फार तर ऑफसेट उलटा असता तर वरच्याऐवजी खालच्या सप्लायला गेला असता.

इन्व्हर्टिंग पिनेवर मात्र हीच परिस्थिती आपल्या बाजूची होते. डीसीला `Zs` अनंत, म्हणजे निगेटिव्ह फीडबॅक पूर्ण आणि सर्किट शांत. इम्पीडन्स सर्वांत कमी होतो तो फक्त रेझोनन्सला, १३२ ओहम. तेव्हा उणे रेझिस्टन्स १३२ च्या खाली ठेवला की पुरे. आणि आपल्याला हवंय तेही नेमकं तेच: निव्वळ रेझिस्टन्स शून्याच्या वर, पण थोडासाच. ऑप-अँपची मर्यादित बँडविड्थ धरून पूर्ण समीकरण मांडलं तरी व्यवहारात हीच अट हाती येते. मोठ्या फ्रिक्वेन्सीला ऑप-अँपचा जोर ओसरतो आणि २ नंबर पिनेवरून पाहिलं तर उणे रेझिस्टन्स हळूहळू धन होत जातो, त्यामुळे कॉइलसोबत तिकडून धोका येत नाही. नॉन-इन्व्हर्टिंग जोडणीत कॉइल असताना अशी सुटका जवळपास कधीच नसते. ती जोडणी उपयोगी पडते ती पॅरलल रेझिस्टन्स कापायला, उदाहरणार्थ करंट सोर्सचा आउटपुट रेझिस्टन्स वाढवायला.

सिम्युलेशनने तुम्हाला का सांगितलं नाही? एसी ॲनालिसिस आधी एक ऑपरेटिंग पॉइंट शोधतो आणि त्याभोवती सर्किट सरळ रेषेचं धरून उत्तर काढतो. तो पॉइंट अस्थिर असला तरी गणिताला तो सापडतो. टिकेल का, हे तो विचारतच नाही. त्यामुळे उणे रेझिस्टन्सच्या कुठल्याही सर्किटवर एसी ॲनालिसिसच्या आधी ट्रान्झियंट चालवायची सवय लावून घ्या. खाली एक लहान नेटलिस्ट देतोय. यात ऑप-अँप म्हणजे १ मेगाहर्ट्झ गेन-बँडविड्थचा एक साधा पोल आहे, कुठल्या कंपनीचं मॉडेल लागत नाही:

```
NIC on inverting pin
V1 in 0 SIN(0 0.1 1591)
Rs in a 50
C1 a b 100n
L1 b c 100m
RL c n 82
Rf n out 100
Ra out p 10k
Rb p 0 12k
G1 0 x p n 1m
Rx x 0 200meg
Cx x 0 159p
E1 out 0 x 0 1
.tran 1u 100m 0 1u
.end
```

हे चालवलंत की करंट हळूहळू वाढत जाऊन स्थिरावताना दिसेल. मग `G1` च्या ओळीत `p n` ऐवजी `n p` करा, म्हणजे पिनांची अदलाबदल झाली. आउटपुट काही मायक्रोसेकंदांतच आकाशाला भिडेल, कारण या मॉडेलला सप्लायची मर्यादा नाही. ब्रेडबोर्डवर ती मर्यादा असते, म्हणून तुम्हाला तो स्फोट न दिसता १३ व्होल्टवर बसलेली सरळ रेषा दिसली.

नेटलिस्टमधले आकडे मी मुद्दाम तसे घेतलेत. `Rf` १०० ओहम, `Ra` १० किलोओहम, आणि `Rb` म्हणून १० किलोओहमचा फिक्स रेझिस्टर आणि त्याच्या सिरीजमध्ये २ किलोओहमचा मल्टिटर्न प्रीसेट. अशाने उणे रेझिस्टन्स १०० पासून १२० ओहमपर्यंत फिरवता येतो आणि प्रीसेट शेवटपर्यंत फिरला तरी १२० च्या पुढे जात नाही. पुष्कळ जण सोयीसाठी एकच मोठा प्रीसेट टाकतात. तसं करू नका. स्क्रूड्रायव्हरच्या एका जास्तीच्या वळशाने सर्किट ऑसिलेटर होता कामा नये, ही मर्यादा रेझिस्टरनेच घालून ठेवावी. तिन्ही फिक्स रेझिस्टर एक टक्क्याचे मेटल फिल्म घ्या, बर्डीच्या बाजारात सहज मिळतात. पाच टक्क्यांचे कार्बन इथे चालणार नाहीत, आणि ते का, हे पुढच्या हिशोबात दिसेल.

काहीच न कापता तुमचा क्यू १००० भागिले १३२, म्हणजे साडेसातच्या आसपास. १०० ओहम कापले तर ३२ उरतात, क्यू ३१. १२० कापले तर १२ उरतात, क्यू ८३. कुणालाही वाटेल की मग १३० कापू, २ उरतील आणि क्यू ५०० होईल. इथेच थांबायचं असतं. आपण दोन मोठ्या आकड्यांची वजाबाकी करतोय, आणि मूळ आकड्यातली लहानशी चूक उरलेल्या लहान आकड्यावर पूर्ण वजनाने येऊन पडते. १२० ओहममध्ये एक टक्का चूक म्हणजे १.२ ओहम, १२ ओहमांवर ती दहा टक्के होते, आणि २ ओहमांवर साठ टक्के.

शिवाय तो ८२ ओहमही जागेवर थांबत नाही. कॉइल तांब्याची आहे, आणि तांब्याचा रेझिस्टन्स दर अंश सेल्सिअसला साधारण ०.३९ टक्के वाढतो. बाकीच्या ठिकाणी एखादा याकडे काणाडोळा करू शकेल, नागपुरात नाही. तुम्ही ८२ ओहम मोजले तेव्हा खोली २५ अंशांची होती असं धरू. मे महिन्यात कूलर बंद पडलेल्या लॅबमध्ये कॉइल ४५ अंशांपर्यंत गेली तर तिचा रेझिस्टन्स ८८.४ ओहम होतो. डिसेंबरच्या पहाटे १२ अंशांना तोच ७७.८ असतो. उणे रेझिस्टन्स १२० वर ठेवलेला असेल तर निव्वळ रेझिस्टन्स उन्हाळ्यात १८.४ आणि हिवाळ्यात ७.८. म्हणजे सर्किटला हात न लावता क्यू ५४ पासून १२८ पर्यंत सरकला. आणि १३० वर ठेवला असता तर हिवाळ्यात हिशोब उण्यात गेला असता, सर्किट जनरेटरशिवायच वाजू लागलं असतं. १२० ला मात्र थंडी आणि रेझिस्टरांची सगळ्यात वाईट टॉलरन्स एकत्र धरली तरी चारेक ओहम शिल्लक राहतात. ही शिल्लक पाहूनच वरचे आकडे ठरवले. पाच टक्क्यांचे रेझिस्टर घेतले तर ती उरत नाही.

मल्टिमीटरवरचे ८२ ओहम हे डीसीचे आहेत, हेही ध्यानात असू द्या. कॉइलला फेराइटचा किंवा पत्र्यांचा कोर असेल तर १६०० हर्ट्झला कोरचा लॉसही रेझिस्टन्ससारखाच दिसतो आणि एकूण आकडा थोडा वाढतो. तुमच्या सर्किटमध्ये डीसीची वाट बंद असल्याने खरा हिशोब रेझोनन्सच्या रेझिस्टन्सचाच आहे, तेव्हा तोच मोजा. पुढे कधी कपॅसिटर नसलेली नुसती कॉइल जोडलीत तर उलट होईल: तिथे डीसीचा रेझिस्टन्सच सर्वांत लहान, म्हणून मर्यादा तो घालेल.

जनरेटरचे ५० ओहम आपण हिशोबात धरलेत, यावरही एक सावधगिरी सांगतो. कुणी सुचवेल की जनरेटरच्या पुढे ऑप-अँपचा बफर लावा, म्हणजे सोर्स रेझिस्टन्स जवळपास शून्य होईल आणि क्यू आणखी वाढेल. ज्या क्षणी बफर लावाल त्या क्षणी बाहेरचा रेझिस्टन्स १३२ वरून ८२ वर येईल, आणि १२० ओहमचा उणे रेझिस्टन्स त्याला गिळून ३८ ओहम उण्यात नेईल. सर्किट लगेच ऑसिलेट होईल. उलट जनरेटरची वायर निघाली तर काही बिघडत नाही, कारण ही जोडणी उघड्या टोकाला स्थिर आहे. सोर्स बदलला की उणे रेझिस्टन्स पुन्हा ठरवायचा, एवढं पाळा.

इनपुट किती द्यायचं, यात बरेच जण फसतात. निव्वळ १२ ओहम असताना ०.१ व्होल्ट पीक दिला तर रेझोनन्सला ८.३ मिलिअँपिअर वाहतात. तो सगळा करंट ऑप-अँपच्या आउटपुटमधूनच जातो आणि त्याच वेळी कॉइलवर ८ व्होल्टच्या वर पीक दिसतं. ७४१ ला एवढं झेपतं. जनरेटरचा नॉब सवयीने १ व्होल्टवर ठेवलात तर ८३ मिलिअँपिअर लागतील, आणि ७४१ ची शॉर्ट सर्किट मर्यादाच साधारण २५ मिलिअँपिअर आहे. मग रेझोनन्सचं टोक चपटं होतं, आउटपुटची वेव्ह कापलेली दिसते, आणि क्यू मोजायला गेलात तर कमी भरतो. कन्व्हर्टर बिघडला असं वाटतं, पण त्याला फक्त करंट पुरत नसतो. ओळखायची खूण साधी: इनपुट अर्धं करा. आउटपुट नेमकं अर्धं झालं तर सर्किट सरळ रेषेत आहे. अर्ध्यापेक्षा जास्त राहिलं तर तुम्ही मर्यादेत अडकला होतात.

७४१ च्या वेगाची चिंता इथे करायची गरज नाही. मर्यादित गेन-बँडविड्थमुळे उणे रेझिस्टन्ससोबत साधारण ७५ मायक्रोहेन्रीचं जास्तीचं इंडक्टन्स येतं, आणि तुमच्या १०० मिलिहेन्रीपुढे ते नगण्य आहे. पण हेच सर्किट १०० किलोहर्ट्झला नेलंत तर उणे रेझिस्टन्स सात-आठ टक्क्यांनी कमी भरेल, आणि ५०० किलोहर्ट्झच्या आसपास तो उरणारच नाही.

एक गोष्ट मात्र टाळा. २ नंबर पिनेवर नॉइज दिसतो म्हणून तिथून ग्राउंडला कपॅसिटर लावायचा मोह होतो. `Rf` १०० ओहम आणि १ मेगाहर्ट्झचा ऑप-अँप असताना तिथे साधारण ३ नॅनोफॅरडच्या वरचा कपॅसिटर लावला तर सर्किट शेकडो किलोहर्ट्झला ऑसिलेट होतं, कारण त्या फ्रिक्वेन्सीला कपॅसिटरचा इम्पीडन्स उणे रेझिस्टन्सच्या खाली जातो आणि आपली अट मोडते. स्कोपच्या प्रोबचे शंभरेक पिकोफॅरड चालतात. नॉइजचा बंदोबस्त पॉवरच्या ७ आणि ४ नंबर पिनांवर ०.१ मायक्रोफॅरडचे सिरॅमिक कपॅसिटर लावून करा.

आता लावताना काय करायचं ते. प्रीसेट सर्वांत कमीला, म्हणजे १०० ओहमवर ठेवून सुरुवात करा. जनरेटर जोडलेला, पण त्याचं आउटपुट शून्यावर. स्कोप ऑप-अँपच्या ६ नंबर पिनेवर लावा. इथे एक आयती सोय आहे: आउटपुटचं व्होल्टेज म्हणजे सर्किटच्या करंटचंच माप असतं. १२० ओहमच्या सेटिंगला दर मिलिअँपिअरला ०.२२ व्होल्ट, चिन्ह उलटं. करंट बघायला वेगळा रेझिस्टर घालावा लागत नाही. सिग्नल नसताना इथे शून्याजवळ सरळ रेषा हवी. रेषा सप्लायला चिकटलेली असेल तर २ आणि ३ नंबरची अदलाबदल अजून तशीच आहे किंवा `Ra`, `Rb` पैकी एखादी वायर सुटलीय. १५९१ हर्ट्झच्या जवळची स्वच्छ साइन वेव्ह दिसत असेल तर रेझिस्टन्स गरजेपेक्षा जास्त कापला जातोय. रेषा जाडसर, केसाळ दिसत असेल तर दोष वरच्या फ्रिक्वेन्सीचा आहे. पॉवरचे कपॅसिटर आणि २ नंबर पिनेजवळची लांब वायर तपासा.

क्यू मोजायला जनरेटर फिरवत ०.७०७ चे दोन बिंदू शोधायची पद्धत पुस्तकात असते. इथे क्यू ८३ असताना ते दोन बिंदू फक्त १९ हर्ट्झ अंतरावर आहेत. डायल फिरवायच्या जनरेटरवर ते हाती लागत नाहीत, आणि लागले तरी एकदा वाचलेला आकडा पुन्हा वाचताना जुळत नाही. त्यापेक्षा घंटेसारखा टोल देऊन सर्किट किती वेळ घुमतं ते पाहणं बरं. जनरेटरवर ५ हर्ट्झची स्क्वेअर वेव्ह घ्या, १ व्होल्टची उडी. प्रत्येक कडेला सर्किट १५९१ हर्ट्झला घुमू लागतं आणि घुमणं हळूहळू विरतं. उंची ३७ टक्क्यांवर यायला लागणारा वेळ `2L/R` असतो, आणि इथे `R` म्हणजे निव्वळ रेझिस्टन्स. कॉइलचं टोक थेट ग्राउंडला लावून करंट पाहिलात तर दीड मिलिसेकंदात, दोन-अडीच वळणांतच उंची ३७ टक्क्यांवर येते. कन्व्हर्टर १२० ओहमवर असताना तोच वेळ १६.७ मिलिसेकंद होतो, सव्वीस-सत्तावीस वळणं मोजता येतात. इथे करंट एक मिलिअँपिअरच्या आसपासच राहतो, म्हणून १ व्होल्टही चालतो आणि ऑप-अँप मर्यादेत जात नाही.

या पद्धतीत वेळेवरून निव्वळ रेझिस्टन्स थेट निघतो, तोही कोरच्या लॉससकट. समजा प्रीसेट १०० ओहमवर असताना वेळ ५.५ मिलिसेकंद आला. ०.२ भागिले ०.००५५ म्हणजे ३६ ओहम. अपेक्षा ३२ ची होती, तर कोरने आणि सांध्यांनी मिळून ४ ओहम टाकलेत. आता १२० वर नेलं तर १६ उरतील, १२ नव्हे, हे प्रीसेट फिरवायच्या आधीच कळलं. प्रीसेट फिरवताना घुमणं लांबत जाताना दिसतं. ते विरायचं थांबलं आणि एकाच उंचीवर चालू राहिलं तर तुम्ही सीमेवर आलात. लगेच मागे फिरा.

उन्हाळ्या-हिवाळ्याचा फरक कमी करायचा असेल तर `Rf` च मुळात तांब्याचा करता येतो. कॉइलच्याच जातीची तार मधोमध दुमडून, दोन्ही पदर एकत्र धरून एका लहान बॉबिनवर गुंडाळा, म्हणजे तिचं स्वतःचं इंडक्टन्स जवळपास उरत नाही. ती कॉइलला चिकटवून ठेवा. कॉइल तापली की `Rf` ही तेवढ्याच टक्क्यांनी वाढतो आणि उणे रेझिस्टन्स कॉइलच्या मागोमाग सरकतो. फक्त सगळा `Rf` तांब्याचा करू नका. जनरेटरचे ५० ओहम तापमानाने बदलत नाहीत, त्यामुळे संपूर्ण तांब्याचा `Rf` उन्हाळ्यात जास्त कापेल: ४५ अंशांना १२० चे १२९.४ होतील, तर बाहेरचा रेझिस्टन्स १३८.४ पर्यंतच जाईल. शिल्लक १२ वरून ९ वर येईल. १२० च्या सेटिंगला `Rb/Ra` हे १.२ आहे, म्हणून ८२ ओहमच्या कॉइलसाठी साधारण ६८ ओहम तांब्याचे आणि उरलेले ३२ मेटल फिल्मचे घ्या. ३२ बाजारात मिळाला नाही तर ३३ लावा आणि तार तेवढी आखूड कापा. प्रीसेट १२० वर असताना दोन्ही बाजू मग ओहमला ओहम जुळून सरकतात, आणि १२ ओहमची शिल्लक मे महिन्यातही १२ च्या जवळच राहते.